एकोणीस दुखापती की सोळा? दर हजार तासांचा हिशोब आणि दोन संघांची तुलना

हंगाम संपला की दोन संघांच्या लोकांमध्ये ठरलेलं बोलणं होतं. "आमची यंदा सोळाच पोरं जखमी झाली, तुमची एकोणीस. तुमच्या सरावातच काहीतरी चुकतंय." आकडे दोन्ही खरे असतात, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. एक संघ आठवड्यातून चार दिवस मैदानावर उतरतो आणि दुसरा दोनच दिवस, तर दुखापत व्हायची संधीच दोघांना सारखी मिळालेली नाही. म्हणून आधी खेळाडू किती तास खेळले ते मोजायचं आणि मग दर हजार तासांमागे किती दुखापती झाल्या ते काढायचं.

मी कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाची दुखापतींची वही तीन हंगाम ठेवली आहे. त्या अनुभवावरून, आजच वही उघडणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय. उदाहरणाला दोन संघ घेतले आहेत, क आणि ख. दोन्ही कल्पित आहेत आणि त्यांचे आकडे हिशोब समजावा म्हणून मी ठरवले आहेत. मात्र त्यांत येणाऱ्या अडचणी प्रत्यक्ष वहीत भेटलेल्याच आहेत. क संघाच्या हंगामात १९ दुखापती, ख संघाच्या १६.

पहिली पायरी: दुखापत कशाला म्हणायचं ते आधी कागदावर लिहा

तास मोजण्याआधी हे ठरवावं लागतं. फुटबॉलमधल्या संशोधकांनी २००६ साली एकत्र बसून व्याख्या ठरवल्या आणि जगभरचे अभ्यास बहुतेक त्याच वापरतात. त्यात तीन पातळ्या आहेत. खेळाडूने नुसती तक्रार केली तरी ती दुखापत, ही पहिली. डॉक्टर किंवा फिजिओला बघावं लागलं तर दुखापत, ही दुसरी. आणि पुढच्या सरावात किंवा सामन्यात पूर्ण भाग घेता आला नाही तरच दुखापत, ही तिसरी.

स्थानिक संघाने तिसरीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दोन पातळ्यांवर नोंद किती होते, ते नोंद करणाऱ्यावर अवलंबून असतं. ज्या संघाकडे रोज फिजिओ आहे त्याच्या वहीत पोटरी धरली, बोट दुखलं, सगळं येतं. ज्याच्याकडे नाही त्याच्या वहीत काहीच येत नाही, आणि मग चांगली काळजी घेणारा संघच कागदावर जास्त जखमी दिसतो. खेळाडू सरावाला पूर्ण उतरला की नाही, हे मात्र हजेरीवरूनही कळतं.

यातला "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा रविवारच्या सामन्यात डाव्या बाजूच्या मिडफिल्डरचा घोटा मुरगळला. बुधवारी तो मैदानावर आला, पण घोट्याला पट्टी बांधून कडेने एकटाच पळत होता. शुक्रवारी पासिंग केलं, टॅकलिंगला मात्र बाहेर बसला. पुढच्या रविवारी सगळ्यांबरोबर सगळं केलं. तो परत आला कधी? त्याच रविवारी, बुधवारी नाही. दिवस मोजताना दुखापतीचा दिवस धरत नाहीत आणि पूर्ण परतण्याचा दिवसही धरत नाहीत. सोमवार ते शनिवार मिळून ६ दिवस झाले. हंगाम संपला तेव्हा खेळाडू अजून बाहेरच असेल, तर वही बंद करू नका. तो पूर्ण बरा होईपर्यंत विचारपूस करून दिवस भरा.

दुसऱ्या एका नियमाची आपल्याकडे फार गरज पडते. आपली पोरं रविवारी सकाळी दुसऱ्या कुठल्यातरी सेव्हन्सच्या स्पर्धेत खेळतात आणि गुडघा सुजवून सोमवारी सरावाला येतात. ते तास आपल्या वहीत नाहीत, मग ती दुखापतही आपल्या दरात धरायची नाही. वेगळी टीप म्हणून लिहून ठेवा, कारण खेळाडू तर गेलाच. पण भागाकारात वर जे येतं त्याला खाली जागा असलीच पाहिजे.

दुसरी पायरी: तास मोजा, आणि सामन्याचे तास सरावापासून वेगळे ठेवा

इथे एकक आहे खेळाडू-तास. एक खेळाडू एक तास मैदानावर असला की एक खेळाडू-तास.

सामन्याचे तास सोपे आहेत. एका संघाचे ११ खेळाडू दीड तास खेळतात, म्हणजे एका सामन्याचे १६.५ तास. बदली खेळाडू आला तरी आकडा तोच राहतो, कारण एक आत आला की एक बाहेर जातो. लाल कार्डाने मात्र तास कमी होतात. साठाव्या मिनिटाला एक जण बाहेर गेला तर अर्धा तास वजा. जादा वेळ पूर्ण ३० मिनिटांचा झाला तर ५.५ तास वाढतात.

पहिल्या हंगामात मी इथेच चुकलो होतो. संघाच्या यादीत १८ नावं होती, मी १८ ला दीडने गुणलं आणि प्रत्येक सामन्याला २७ तास मांडले. बाकावर बसलेला खेळाडू जखमी होत नाही, त्याचे तास सामन्यात येत नाहीत. क संघाच्या आकड्यांवर बघा. २० सामने, ९ दुखापती. बरोबर हिशोब केला तर ३३० तास आणि दर २७.३. यादीवरून केला तर ५४० तास आणि दर १६.७. संघात काहीही बदललेलं नसताना दर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरलेला दिसतो. दुसऱ्या संघाचा दर तुमच्यापेक्षा खूपच कमी दिसला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: सामन्याचे तास अकरावरून काढले की यादीवरून?

स्पर्धा बदलली की सामन्याची लांबीही बदलू शकते. सामना ८० मिनिटांचा असेल तर तास १४.७ होतात, १६.५ नाही. त्यामुळे प्रत्येक सामन्यासमोर प्रत्यक्ष मिनिटं लिहायची सवय ठेवा.

सरावाचे तास काढायला चिकाटी लागते. यादीत २२ जण आहेत म्हणून २२ ने गुणायचं नाही, त्या दिवशी प्रत्यक्ष किती जण उतरले ते मोजायचं. कुणाची नोकरी असते, कुणाची परीक्षा असते, आणि जो जखमी आहे तो तर येतच नाही. हजेरीवरून तास काढले की जखमी खेळाडूचे तास आपोआप गळतात, तसेच ते गळायला हवेत. दर सरावाला दोनच आकडे लिहा: उतरलेले खेळाडू आणि सराव किती मिनिटं चालला. १७ जण आणि ९० मिनिटं, म्हणजे २५.५ तास.

आपल्याच संघातले दोन गट करून खेळलेला सामना सरावात धरतात. दुसऱ्या क्लबाशी खेळला तरच तो सामना, मग तो मैत्रीपूर्ण असला तरी. सामन्याआधीचा वॉर्म-अपही सरावाच्या तासांत जातो. घरी किंवा जिममध्ये खेळाडूने आपल्या मनाने केलेला व्यायाम कशातच धरत नाहीत.

आपल्या दोन संघांचा हंगाम असा निघाला. क संघाने ३२ आठवडे, आठवड्याला ४ वेळा, दीड तास सराव केला आणि सरासरी सोळा-सतरा जण उतरले. सरावाचे ३,२०० तास, सामन्यांचे ३३०. ख संघाने तेवढेच आठवडे, पण आठवड्याला २ वेळा, सव्वा तास सराव केला आणि सरासरी चौदाच्या आसपास खेळाडू आले. सरावाचे १,१०० तास. सामने मात्र ३० खेळले, त्यांचे ४९५ तास.

तिसरी पायरी: भागाकार

दुखापती भागिले खेळाडू-तास, गुणिले १०००.

| | क संघ | ख संघ |
|---|---|---|
| सामन्यातल्या दुखापती / तास | ९ / ३३० | १३ / ४९५ |
| सामन्याचा दर | २७.३ | २६.३ |
| सरावातल्या दुखापती / तास | १० / ३,२०० | ३ / १,१०० |
| सरावाचा दर | ३.१ | २.७ |
| एकूण दुखापती / तास | १९ / ३,५३० | १६ / १,५९५ |
| एकूण दर | ५.४ | १०.० |

हजार तास ऐकून दचकू नका, तेवढे तास पूर्ण व्हायलाच हवेत असं नाही. सामन्यांचे हजार तास म्हणजे एका संघाचे साधारण ६० सामने. सामन्याचा दर २७ असला, की त्याला १६.५ ने गुणून हजाराने भागलं तर ०.४५ येतं. म्हणजे त्या संघाला सुमारे दर दोन सामन्यांमागे एक दुखापत. पोरांना, व्यवस्थापकाला सांगताना मी दर असाच उलगडून सांगतो.

आता तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे नीट बघा. एकूण दरात ख संघ जवळजवळ दुप्पट वाईट दिसतो: १०.० विरुद्ध ५.४. पण वरच्या ओळींत ख संघाचा सामन्याचा दरही थोडा कमी आहे आणि सरावाचा दरही. दोन्हीकडे थोडा बरा असलेला संघ एकूणात दुप्पट वाईट कसा ठरला?

कारण तासांचं मिश्रण वेगळं आहे. फुटबॉलच्या सामन्यात दुखापतीचा धोका सरावाच्या अनेक पट असतो. युरोपातल्या व्यावसायिक क्लबांचा मोठा अभ्यास २००१ पासून चालू आहे, स्वीडनचे यान एक्स्ट्रांड यांच्या पुढाकाराने. त्याच्या पहिल्या सात हंगामांत सामन्यांमध्ये दर हजार तासांना २७.५ दुखापती निघाल्या, सरावात ४.१ आणि एकूण ८.०. सामना आणि सराव यांच्यात सहा-सातपट फरक. ख संघाच्या एकूण तासांतले ३१ टक्के तास सामन्यांचे आहेत, क संघाच्या फक्त ९ टक्के. ख संघ सराव कमी करतो आणि सामने जास्त खेळतो, त्याचा एकूण दर तेवढ्यानेच फुगला.

म्हणून दोन संघांची तुलना एकूण दरावर कधीच करू नका. कुणी एकच आकडा हाती दिला तर सामन्याचा वेगळा आणि सरावाचा वेगळा मागून घ्या. एकच आकडा हवा असाच हट्ट असेल, तर दोन्ही संघांना सारखं मिश्रण द्या. समजा हजारातले १०० तास सामन्याचे आणि ९०० सरावाचे. क संघाला २.७ अधिक २.८, म्हणजे ५.५ दुखापती. ख संघाला २.६ अधिक २.५, म्हणजे ५.१. दुप्पट फरक नाहीसा झाला.

युरोपच्या आकड्याशी आपला आकडा लावून बघायचा मोह सगळ्यांना होतो. सामन्याचा दर सामन्याशी लावून बघा, हरकत नाही. एकूण ८.० शी मात्र लावू नका. त्यांच्या सरावाच्या तासांचं प्रमाण आपल्यापेक्षा वेगळं, नोंद करणारा माणूस पूर्णवेळ. दुसऱ्या खेळाशी तर अजिबात नको. व्यावसायिक रग्बी युनियनमध्ये सामन्याचा दर हजार तासांना ८० च्या आसपास सांगितला जातो. क्रिकेटमध्ये खेळाडू दिवसभर मैदानावर असतो, पण धोका प्रामुख्याने गोलंदाजीचा. त्यामुळे तिथे तासांऐवजी दर शंभर खेळाडूंमागे हंगामाला किती, अशी मोजणीही करतात.

चौथी पायरी: फरक खरा आहे की योगायोग, ते तपासा

सामन्यात २७.३ आणि २६.३. ख संघ चांगला म्हणायचं का? नाही. ९ आणि १३ हे फार छोटे आकडे आहेत. क संघाच्या एका खेळाडूने शेवटच्या सामन्यात टॅकल चुकवला असता तर ८ झाल्या असत्या आणि दर २४.२ वर आला असता.

आकडा किती डळमळीत आहे ते एक्सेलसारख्या शीटमध्ये दोन ओळींत काढता येतं. B2 मध्ये दुखापती, C2 मध्ये तास लिहा:

```
=CHISQ.INV(0.025, 2*B2)/2/C2*1000
=CHISQ.INV(0.975, 2*(B2+1))/2/C2*1000
```

पहिली ओळ खालची मर्यादा देते, दुसरी वरची. क संघाच्या सामन्यांसाठी उत्तर येतं १२.५ ते ५१.८, ख संघासाठी १४.० ते ४४.९. म्हणजे क संघाचा अंगभूत दर साडेबारापासून बावन्नपर्यंत कुठेही असला, तरी एका हंगामात ९ दुखापती दिसणं शक्य आहे. दोन्ही पट्टे एकमेकांवर जवळजवळ पूर्ण पडलेले आहेत. एका हंगामाच्या सामन्यांवरून हे दोन संघ वेगळे म्हणता येत नाहीत.

दोन दरांची थेट तुलना करायची तर त्यांचं गुणोत्तर काढा आणि ही ओळ वापरा. इथे B2 आणि B3 मध्ये दोन्ही संघांच्या दुखापती आहेत:

```
=EXP(1.96*SQRT(1/B2+1/B3))
```

९ आणि १३ साठी उत्तर २.३४. दरांचं गुणोत्तर १.०४. त्याला २.३४ ने भागा आणि गुणा, तर ०.४४ ते २.४३ मिळतं. क संघाचा धोका ख संघाच्या निम्म्याहून कमीही असू शकतो आणि जवळजवळ अडीचपटही. पट्ट्यात १ येत असेल, तर कुणाला दोष देण्याइतका पुरावा अजून हातात नाही.

या ओळीत तासांचा पत्ताच नाही, फक्त दुखापतींची संख्या आहे, हे लक्षात आलं असेल. अचूकता दुखापतींच्या संख्येतून येते. दोन्ही संघांच्या पन्नास-पन्नास दुखापती जमल्या की उत्तर १.४८ वर येतं, शंभर-शंभर जमल्या की १.३२ वर. तरीही दीडपटीपेक्षा लहान फरक पन्नास दुखापतींत सिद्ध होत नाही. एका हंगामावर भांडण्यापेक्षा तीन हंगामांच्या दुखापती आणि तीन हंगामांचे तास एकत्र करून मग भागाकार करा. प्रत्येक हंगामाचा दर काढून त्यांची सरासरी घेऊ नका. तसं केलं तर सहा सामन्यांच्या हंगामाला आणि तीस सामन्यांच्या हंगामाला सारखंच वजन मिळतं.

पाचवी पायरी: दुसऱ्याची वही किती गळकी आहे ते ओळखा

मला सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्यावासा वाटतो, कारण हिशोब कुणीही करू शकतो, पण वही वाचायला शिकावं लागतं.

दुखापतींची बाहेर राहिलेल्या दिवसांनुसार वर्गवारी करा. २००६ च्या व्याख्येत १ ते ३ दिवस, ४ ते ७, ८ ते २८ आणि २८ च्या वर असे गट आहेत. आपल्याला आत्ता दोनच पुरतील: ७ दिवसांपर्यंतच्या आणि ८ किंवा जास्त दिवसांच्या.

क संघाच्या सामन्यातल्या ९ दुखापतींपैकी ५ छोट्या, ४ मोठ्या. सरावातल्या १० पैकी ६ छोट्या, ४ मोठ्या. हे चित्र ओळखीचं आहे. मैदानावर छोटी दुखणीच जास्त होतात. ख संघाच्या सामन्यातल्या १३ पैकी ४ छोट्या, ९ मोठ्या. आणि सरावातल्या तिन्हीच्या तिन्ही मोठ्या.

हे वाचून मी थांबतो. हंगामभरात सरावात एकाही खेळाडूचा घोटा तीन दिवसांपुरता दुखला नाही, फक्त मोठ्याच दुखापती झाल्या, यावर माझा विश्वास बसत नाही. छोट्या दुखापती झाल्या असणारच, त्या वहीत आल्या नाहीत. बहुधा वही ठेवणारा फक्त सामन्याच्या दिवशी येतो आणि सरावातली माहिती महिन्याच्या शेवटी कप्तानाला विचारून भरतो. मोठी दुखापत कप्तानाला आठवते. मंगळवारी आखडलेली आणि शनिवारपर्यंत सुटलेली मांडी महिन्याअखेर कुणालाच आठवत नाही.

आठवड्याला दोनच दिवस सराव असण्याचाही इथे परिणाम होतो. मंगळवारी पाय मुरगळला, शुक्रवारपर्यंत बरा झाला, खेळाडू शुक्रवारी सरावाला पूर्ण उतरला. मध्ये सरावच नसल्यामुळे त्याने काहीच चुकवलं नाही आणि दुखापत व्याख्येत बसली नाही. तीच दुखापत क संघात बुधवारच्या सरावात धरली गेली असती. म्हणजे वेळ गमावण्याची व्याख्या चांगली असली, तरी कमी सराव करणाऱ्या संघाच्या छोट्या दुखापती तिच्या फटीतून गळतात.

यावरचा उपाय म्हणजे तुलना फक्त ८ किंवा जास्त दिवसांच्या दुखापतींची करायची. एवढे दिवस बाहेर राहिलेला खेळाडू कुठल्याही वहीतून सुटत नाही आणि सराव दोन दिवस असो वा चार, त्याने काहीतरी चुकवलेलंच असतं.

सामन्यात: क संघ ४ भागिले ३३०, म्हणजे १२.१. ख संघ ९ भागिले ४९५, म्हणजे १८.२.
सरावात: क संघ ४ भागिले ३,२००, म्हणजे १.३. ख संघ ३ भागिले १,१००, म्हणजे २.७.

तक्ता उलटा झाला. आधी दोन्हीकडे किंचित बरा दिसणारा ख संघ आता दोन्हीकडे वाईट दिसतो, सामन्यात दीडपट आणि सरावात दुप्पट. मात्र चौथी पायरी इथेही लावायचीच आहे. सामन्यातल्या ४ आणि ९ साठी, ख भागिले क या गुणोत्तराचा पट्टा ०.४६ ते ४.९ इतका रुंद येतो. म्हणून मी "ख संघ वाईट आहे" असं लिहिणार नाही. "ख संघाच्या मोठ्या दुखापती जास्त असण्याची शंका आहे, आणि छोट्यांची नोंद अपुरी आहे" असं लिहीन.

छोट्या दुखापतींचं प्रमाण सोडून आणखी एक खूण आहे. दुखापतींच्या तारखा बघा. सगळ्या नोंदी रविवारच्याच असतील, किंवा एखाद्या महिन्यात एकही नोंद नसताना हजेरीत मात्र पाच जण गैरहजर असतील, तर वही नंतर बसून भरलेली आहे. हजेरी आणि दुखापतीची वही शेजारी ठेवून तीन-चार गैरहजेरी ताडून बघा, दहा मिनिटांत अंदाज येतो.

सहावी पायरी: किती दिवस गेले तेही मोजा

दर सांगतो किती वेळा झालं, किती महागात पडलं ते नाही. तीन दिवसांचा घोटा आणि सात महिन्यांचा गुडघा, दोन्ही दरात एकेकच. म्हणून दर हजार तासांमागे किती दिवस वाया गेले तेही काढतात. त्याला दुखापतीचा भार म्हणू. बाहेर राहिलेले सगळे दिवस भागिले खेळाडू-तास, गुणिले १०००.

क संघाच्या सामन्यातल्या ९ दुखापतींनी ९९ दिवस घेतले. भार ३००. ख संघाच्या १३ दुखापतींनी ३९० दिवस घेतले. भार ७८८. अडीचपटीहून जास्त.

पण त्या ३९० दिवसांतले २१० एकाच खेळाडूचे आहेत. त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि शस्त्रक्रिया झाली. तो एक काढला तर उरलेल्या १२ दुखापतींचे १८० दिवस राहतात आणि भार ३६४ वर येतो. क संघापेक्षा जास्तच, पण आता तो फरक पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच. स्थानिक संघाच्या एका हंगामात असा एक गुडघा सगळा भार फिरवतो. त्यामुळे भार नेहमी दोन वेळा लिहा: सगळ्यांचा, आणि सगळ्यात मोठी दुखापत वगळून. शेजारी मधली दुखापतही लिहा, म्हणजे सगळ्या दुखापती दिवसांच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारी. एका गुडघ्याने ती हलत नाही.

मोठी दुखापत वगळायची म्हणजे विसरायची नव्हे. ती पहिल्याच ओळीत नावानिशी सांगायला हवी: कुठल्या मिनिटाला, मैदान कसं होतं, धक्क्याने झाली की कुणीही न लागता वळताना झाली. न लागता झालेला गुडघा दिसला तर मी पुढच्या हंगामाचा वॉर्म-अप आधी तपासतो.

तुलना लिहायची कशी

दोन्ही संघांच्या लोकांसमोर कागद ठेवताना मी तो एवढाच ठेवतो:

"व्याख्या: पुढच्या सरावात किंवा सामन्यात पूर्ण भाग घेता आला नाही अशी दुखापत. बाहेरच्या स्पर्धांतल्या वगळल्या. सामन्याचे तास अकरा खेळाडूंवरून, सरावाचे हजेरीवरून. सामन्यातल्या ८ किंवा जास्त दिवसांच्या दुखापती: क संघ ४, हजार तासांना १२.१, ख संघ ९, हजार तासांना १८.२, फरक निश्चित म्हणता येत नाही. सामन्यांचा भार: क ३००, ख ७८८, ख संघाचा एक गुडघा वगळता ३६४. ख संघाच्या सरावात छोट्या दुखापतींची नोंद नाही, म्हणून सरावाच्या एकूण दराची तुलना केलेली नाही."

शेवटचं वाक्य वाचून समोरचे कधी कधी चिडतात. त्यांना वहीच दाखवा, आणि पुढच्या हंगामासाठी एक विनंती करा: सराव संपला की पोरं बूट सोडत असतानाच एकाने वही घेऊन उभं राहायचं, आज कोण पूर्ण खेळला नाही ते विचारायचं आणि तिथेच लिहायचं. त्याला दोन मिनिटं लागतात. दोन्ही संघांनी पहिल्या सरावापासून हे केलं, तर पुढच्या मे महिन्यात छोट्या दुखापतींसकट तुलना करता येईल.